हायकिन आशीवर बॅकटेस्ट नफा दाखवतो, खऱ्या भावाने तोच सौदा तोट्यात, गोची कुठे आहे?

रेघोट्या
नमस्कार मंडळी. डेली चार्टवर हायकिन आशी लावून एक साधी सिस्टीम तपासतोय. कँडल लाल होती ती हिरवी झाली की पुढच्या बारच्या ओपनला घ्यायचं, आणि हिरवीची लाल झाली की पुढच्या बारच्या ओपनला विकायचं. बास, दुसरं काही नाही. बॅकटेस्टमध्ये इक्विटी कर्व्ह इतका गुळगुळीत येतोय की मलाच शंका आली म्हणून एक सौदा सुटा काढून साध्या कँडलशी ताडून बघितला. बॅकटेस्ट म्हणतो १०७ ला घेतलं आणि ११०.१२ ला विकलं, तीन पॉइंट वर. साधा चार्ट लावला तर ज्या दिवशी घेतलं म्हणतोय त्या दिवशी भाव १११ च्या खाली आलेलाच नाही! मग १०७ ला मला दिलं कोणी?

त्या दिवसांचा साधा डेटा खाली देतो. 'क' च्या आदल्या दिवशीची हायकिन आशी कँडल ११० वरून १०४ अशी लाल होती.

```
बार   ओपन   हाय   लो    क्लोज
क     १००   १०७   ९९    १०६
ख     १०७   ११२   १०६   १११
ग     ११२   ११६   १११   ११५
घ     ११५   ११७   ११०   १११
च     ११०   १११   १०६   १०७
छ     १०६
```

घेतलं 'ग' च्या ओपनला, विकलं 'छ' च्या ओपनला. डेटा फीड खराब आहे का? की मी काही सेटिंग चुकवतोय?

पूर्वा
चार्टच्या वरच्या पट्टीत कँडलचं चिन्ह असतं त्यावर क्लिक करून प्रकार बदलता येतो, तिथे हायकिन आशी निवडा. आधी साध्या कँडल असतील तर तसंच राहतं ते. मला पण सुरुवातीला सापडत नव्हतं.

रेघोट्या
पूर्वाताई, चार्ट लागलाय हो बरोबर. प्रश्न भावाचा आहे. हायकिन आशीवरचा भाव आणि खरा भाव यात पाच पॉइंटचा फरक कसा काय, हे विचारतोय.

शांत_चार्ट
रिपेंट होतं ते. हायकिन आशी रिपेंट करते हे सगळ्यांना माहीत आहे. मागे वळून बघताना सगळं छान दिसतं कारण कँडल नंतर बदललेल्या असतात. म्हणून बॅकटेस्टवर विश्वास ठेवायचा नाही, लाइव्ह बघायचं.

आकडेमोड
शांत_चार्ट, निष्कर्ष तुमचा बरोबर आहे पण कारण ते नाही. बंद झालेली हायकिन आशी कँडल पुन्हा कधीच बदलत नाही. तिच्या गणितात पुढच्या बारचं काहीच येत नाही, सगळं आजचं आणि मागचं. चालू असलेली कँडल मात्र सेशन संपेपर्यंत रंग बदलत राहते, पण ते साध्या कँडलचंही होतंच की.

रेघोट्या, तुमचा डेटा फीडही ठीक आहे आणि सेटिंगही तुम्ही मुद्दाम काही बिघडवलेलं नाही. तुमच्याच आकड्यांवर करून दाखवतो, कारण हे एकदा हाताने केलं की परत विचारावं लागत नाही.

हायकिन आशीचा क्लोज म्हणजे त्या दिवसाच्या खऱ्या ओपन, हाय, लो, क्लोज या चौघांची सरासरी. आणि ओपन म्हणजे आदल्या हायकिन आशी कँडलच्या बॉडीचा मध्य. आजच्या खऱ्या ओपनचा त्या ओपनशी काहीएक संबंध नाही, हीच सगळी गोम आहे.

'क' घ्या. आदली कँडल ११० वरून १०४, तिचा मध्य १०७, म्हणजे 'क' चा हायकिन ओपन १०७. क्लोज म्हणजे १००, १०७, ९९, १०६ यांची सरासरी, १०३. १०७ वरून १०३, लाल. आता खरा बार बघा, १०० ला उघडून १०६ ला बंद, चांगला दणदणीत हिरवा. तरी हायकिन आशी लालच.

'ख' चा ओपन १०७ आणि १०३ चा मध्य, म्हणजे १०५. क्लोज १०७, ११२, १०६, १११ यांची सरासरी १०९. हिरवी झाली, तुमचा सिग्नल आला. इथे पहिली फट बघा, चार्टवर कँडल १०९ ला बंद दिसतेय पण बाजार १११ ला बंद झालाय.

आता 'ग'. हायकिन ओपन म्हणजे १०५ आणि १०९ चा मध्य, १०७. खरा ओपन ११२. तुमच्या बॅकटेस्टला सांगितलंय की पुढच्या बारच्या ओपनला घे, आणि त्याच्यासमोर जो चार्ट आहे त्यावरचा ओपन १०७ आहे, तर त्याने बापडं १०७ लिहून टाकलं. तो भाव कोणी कोणाला दिलेला नाही, दोन सरासऱ्यांची सरासरी आहे ती. तिच्यावर सौदा होत नसतो.

रेघोट्या
ओके म्हणजे 'छ' चं पण तसंच झालं असणार. थांबा करून बघतो... 'ग' चा क्लोज ११२, ११६, १११, ११५ ची सरासरी ११३.५. 'घ' चा ओपन ११०.२५ आणि क्लोज ११३.२५, अजून हिरवी. 'च' चा ओपन १११.७५, क्लोज १०८.५, लाल. मग 'छ' चा ओपन १११.७५ आणि १०८.५ चा मध्य ११०.१२५. बरोब्बर तोच आकडा ज्याला बॅकटेस्ट विकलं म्हणतोय. आणि खरा ओपन १०६!

आकडेमोड
अगदी. आता हिशोब मांडा. चार्टवर १०७ ला घेऊन ११०.१२५ ला विकलं, नफा ३.१२५. खऱ्या बाजारात ११२ ला घेऊन १०६ ला विकलं, तोटा ६. घेताना पाच पॉइंट फुकट मिळाले आणि विकताना चार पॉइंट फुकट मिळाले, मिळून नऊ पॉइंटचा फरक एका सौद्यात. आणि हा फरक कधी या बाजूला कधी त्या बाजूला असा पडला असता तर एक वेळ चाललं असतं, पण या सिस्टीममध्ये तो जवळजवळ कायम तुमच्या फायद्याचाच पडतो. घ्यायचा सिग्नल भाव वर जाताना येतो, तेव्हा हायकिन ओपन खऱ्याच्या मागे म्हणजे खाली असतो. विकायचा सिग्नल भाव पडताना येतो, तेव्हा तो खऱ्याच्या वर असतो. म्हणून तुमचा कर्व्ह इतका गुळगुळीत आहे.

उलटीगंगा
हे सगळं गॅपमुळे होतंय. 'क' ला गॅप डाऊन, 'ग' ला गॅप अप. मी चोवीस तास चालणाऱ्या मार्केटमध्ये काम करतो, तिथे एक बार संपतो तिथेच दुसरा सुरू होतो, गॅप नावाची गोष्ट नाही. त्यामुळे आमच्याकडे हा प्रॉब्लेम येत नाही. तुम्ही लोक डेली चार्टवर उगाच हायकिन आशीला बदनाम करता.

आकडेमोड
उलटीगंगा, गॅपमुळे फरक वाढतो हे मान्य, पण गॅप नसला तरी तो जात नाही. एकही गॅप नसलेला चार्ट घ्या, प्रत्येक बार दहा पॉइंट वर, १०० वरून ११०, ११० वरून १२०, असं सरळ वर. हाय म्हणजे क्लोज आणि लो म्हणजे ओपन, शेपट्या नाहीतच. याहून स्वच्छ ट्रेंड नसतो. हा काही बार चालला की हायकिन ओपन एका ठराविक अंतरावर स्थिरावतो, खऱ्या ओपनच्या पंधरा पॉइंट खाली. १०० ला उघडणाऱ्या बारचा हायकिन ओपन ८५. म्हणजे दीड बारची चाल मागे. गॅप शून्य आहे तरीही.

वळणापाशी, म्हणजे जिथे तुम्ही एन्ट्री घेता तिथे, तो अजून इतका मागे पडलेला नसतो, त्यामुळे फरक कमी दिसेल. पण दिशा तीच राहते. तुमच्या मार्केटच्या एका सौद्यावर रेघोट्यांनी केलं तसं करून बघा ना.

उलटीगंगा
बघतो. पण मग एक सांगा, इतकी खोटी आहे तर लोक वापरतात कशाला? माझ्याकडे तर ट्रेंडमध्ये टिकून राहायला हिच्यासारखं दुसरं काही नाहीये, साध्या कँडलवर मी प्रत्येक लाल बारला घाबरून बाहेर पडायचो.

आकडेमोड
खोटी म्हणू नका, ती सांगते ते खरंच असतं, फक्त ते भावाबद्दल नसतं, चालीबद्दल असतं. आणि टिकून राहण्याचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के पटतं मला, मी स्वतः रोज बघतो हा चार्ट.

हायकिन ओपन कसा बनतो ते परत बघा. अर्धा भाग आदल्या ओपनचा, अर्धा आदल्या क्लोजचा. तो आदला ओपनही त्याच्या आदल्या दोघांपासून बनलेला. म्हणजे कालच्या सरासरीला निम्मं वजन, परवाच्या सरासरीला पाव, त्याच्या आधी एक अष्टमांश, असं उतरत जातं. हे वजन ओळखीचं वाटतंय का? तीन पीरियडच्या ईएमएचं वजन हेच. म्हणजे हायकिन ओपन हा चार भावांच्या सरासरीवर लावलेला तीनचा ईएमए आहे, कालपर्यंतचा. आजची सरासरी त्याच्या वर गेली की कँडल हिरवी, खाली गेली की लाल. म्हणजे रंगाचा अर्थ एवढाच की तो छोटा ईएमए आज वर वळला की खाली. सगळी जादू तिथे आहे.

म्हणून तुमच्या एखाद्या लाल बारला ती दाद देत नाही. रेघोट्यांचा 'घ' बघा, ११५ ला उघडून १११ ला बंद, साध्या चार्टवर लाल. हायकिन आशीवर हिरवी, कारण त्या दिवसाची सरासरी अजून मागच्या ईएमएच्या तीन पॉइंट वर होती. इथे पुढे भाव पडला म्हणून ते महागात गेलं, पण लांब ट्रेंडमध्ये असे चार-पाच लाल बार मध्ये येऊन जातात आणि ट्रेंड पुढे चालूच राहतो, तिथे हीच गोष्ट तुम्हाला सौद्यात ठेवते.

शांत_चार्ट
आणि खाली शेपटी नसलेली हिरवी कँडल म्हणजे जोरदार ट्रेंड, हे तरी बरोबर आहे ना? सगळे हेच शिकवतात.

आकडेमोड
बरोबर आहे, पण त्याचा एक तोटा कोणी सांगत नाही. हायकिन लो म्हणजे खरा लो, हायकिन ओपन आणि हायकिन क्लोज या तिघांतला सगळ्यात खालचा. खरा लो जर हायकिन ओपनच्या वरच राहिला तर ओपनच लो होतो, म्हणून तळ सपाट दिसतो. म्हणजे दिवसभर भाव एकदाही त्या मागच्या सरासरीपर्यंत उतरला नाही. ट्रेंडचा जोर म्हणून ही माहिती उत्तमच.

पण त्याच क्षणी खरा लो चार्टवरून गायब होतो. 'ग' घ्या, खरा लो १११, चार्टवर कँडलचा तळ १०७. त्या तळाखाली स्टॉप लावला तर तुम्हाला वाटतं १०७ ला घेऊन १०७ च्या जरा खाली स्टॉप, रिस्क नगण्य. प्रत्यक्षात तुम्ही ११२ ला घेतलंय आणि स्टॉप पाच पॉइंट खाली. या रिस्कवरून क्वांटिटी काढली असेल तर ती कैक पट जास्त निघणार. सौदा चुकला तर नुकसान ठरवलेल्यापेक्षा किती तरी मोठं. माझ्या मते चुकीच्या एन्ट्रीपेक्षा हे जास्त घातक आहे, कारण बॅकटेस्टमधलं खोटं निदान बॅकटेस्टपुरतं राहतं, क्वांटिटी चुकली की थेट खात्यातून जातं.

उलट जिथे शेपटी दिसते तिथे ती खरी असते. 'घ' ला खाली अगदी बारीकशी शेपटी आहे ११० पर्यंत, तो त्या दिवसाचा खरा लो. 'ग' ची वरची शेपटी ११६ पर्यंत, तोही खरा हाय. सपाट बाजूचा आकडा मात्र भाव म्हणून कधी वाचायचा नाही.

पूर्वा
अच्छा म्हणूनच का! माझा आरएसआय आणि ग्रुपमधल्या बाकीच्यांचा आरएसआय जुळत नव्हता, मी पीरियड चौदाच ठेवलेला, सगळं सेम, तरी माझा नेहमी जास्त टोकाला जायचा, एकदा वर गेला की वरच बसायचा. मी हायकिन आशी चार्टवर लावला होता आणि ते साध्यावर. मला वाटलं माझ्या ॲपमध्ये गडबड आहे.

मध्यमान
हो ताई, बहुतेक प्लॅटफॉर्मवर इंडिकेटर चार्टवर जे भाव आहेत त्यावरच चालतो. हायकिन क्लोज आधीच सरासरी असल्यामुळे छोटे चढउतार गळून गेलेले असतात, मग आरएसआयला सलग एकाच दिशेची चाल दिसते आणि तो टोकाला चिकटून बसतो. एटीआरचं अजून विचित्र. गॅपच राहत नाही चार्टवर, प्रत्येक कँडल आदल्या कँडलच्या बॉडीच्या मध्यातूनच सुरू होते ना, मग गॅपची उडी एटीआरमध्ये जशीच्या तशी येत नाही, ती पुढच्या कँडल लांब करून पसरवून येते. तो एटीआर घेऊन स्टॉप मोजला तर तो खऱ्या बाजाराचा एटीआर नाही.

रेघोट्या, तुम्ही ट्रेडिंगव्ह्यू वापरत असाल तर एक ओळीचा उपाय आहे. स्ट्रॅटेजीच्या पहिल्या ओळीत हे टाका, मग चार्ट हायकिन आशी असला तरी ऑर्डर साध्या ओपन-हाय-लो-क्लोजवर भरल्या जातात:

```
strategy("HA", overlay=true,
     fill_orders_on_standard_ohlc=true)
```

पण मला स्वतःला उलटं करायला आवडतं. चार्ट साधाच ठेवायचा आणि हायकिन आशी फक्त सिग्नलसाठी मागवायची. मग एन्ट्री, स्टॉप, आरएसआय, एटीआर सगळं आपोआप खऱ्या भावावर राहतं, चुकायला जागाच नाही:

```
ha  = ticker.heikinashi(syminfo.tickerid)
haO = request.security(ha, timeframe.period, open)
haC = request.security(ha, timeframe.period, close)
green = haC > haO
```

रंग पण `green` वरून साध्या बारला देता येतो. डोळ्याला ट्रेंड दिसतो आणि आकडे खरे राहतात.

रेघोट्या
मध्यमान, पहिला उपाय लावून चालवलं. कर्व्ह पार बदलला. लांब ट्रेंडवाले सौदे अजून नफ्यातच आहेत, फक्त नफा बारीक झाला. छोटे सौदे मात्र सगळे पलटले, जे दोन-तीन पॉइंट नफ्यात दिसत होते ते तोट्यात गेले. आणि तेच संख्येने जास्त होते.

आकडेमोड
तसंच होणार. प्रत्येक सौद्यात फुकट मिळालेले पॉइंट साधारण एका-दोन बारच्या चालीएवढे असतात. चाल वीस बारची असेल तर त्यातून ते वजा करून परवडतं, चाल चार बारची असेल तर उरतच काही नाही. म्हणून बाजार आडवा चालत असताना हायकिन आशीवरचा बॅकटेस्ट सगळ्यात जास्त फसवतो, रंग पटापट बदलतात, सौदे भरपूर होतात आणि प्रत्येकात खोटा फायदा जमा होत राहतो. तुमच्या बॅकटेस्टमध्ये आडव्या काळात पण कर्व्ह चढत होता का ते बघा, तिथेच ओळखू येतं.

रेघोट्या
हो, चढत होता. तीच शंका आलेली मला सगळ्यात आधी, ट्रेंड फॉलो करणारी सिस्टीम आडव्या मार्केटमध्ये पैसे कसे काय कमावतेय म्हणून.

एक कल्पना आहे. सिग्नल आला की ११२ ला मार्केट ऑर्डर टाकण्याऐवजी १०७ ला लिमिट लावून बसलो तर? बॅकटेस्टमध्ये जो भाव आहे तोच मिळेल ना मग, मिळाला तर.

आकडेमोड
'मिळाला तर' यातच सगळं आलं. तुमच्याच डेटात बघा कधी मिळाला असता. 'ग' चा लो १११, नाही मिळाला. 'घ' चा लो ११०, नाही. 'च' ला लो १०६, मिळाला! आणि 'च' लाच कँडल लाल झाली, म्हणजे हातात येतोय तोच विकायचा सिग्नल. जे सौदे जोरात निघून जातात ते १०७ ला परत येतच नाहीत, ते तुम्हाला कधीच मिळणार नाहीत. जे परत येतात त्यातले बरेचसे मोडलेले असतात. बॅकटेस्ट मात्र दोन्ही प्रकारचे सौदे १०७ ला धरतो. अशी लिमिट लावायचीच असेल तर ती वेगळी सिस्टीम म्हणून साध्या भावावर स्वतंत्र तपासा, या कर्व्हच्या भरवशावर लावू नका.

उलटीगंगा
मी करून बघितलं माझ्या मार्केटमध्ये, एका तासाच्या चार्टवर. फरक आहे. तुम्ही म्हणता तितका नाही पण आहे, आणि दोन्ही टोकांना माझ्याच बाजूचा. ठीक आहे, हे मान्य.

पण लाइव्ह वापराबद्दल माझा मुद्दा वेगळा आहे. मी कँडल बंद व्हायची वाट बघत नाही, रंग बदलला की लगेच आत. मग लॅग राहतच नाही.

शांत_चार्ट
आणि मग बंद होता होता परत लाल होते आणि तुम्ही आत अडकता. मी तेच म्हणत होतो रिपेंट म्हणून.

आकडेमोड
तुम्ही दोघं आता एकाच गोष्टीबद्दल बोलताय. चालू कँडलमध्ये हायकिन ओपन पहिल्या क्षणापासून ठरलेला असतो, हलतो तो फक्त क्लोज, आणि क्लोजमध्ये चालू भावाचं वजन पाव. पण भाव नवीन हाय करत असेल तर हाय आणि क्लोज दोन्ही एकदम वाढतात, मग वजन निम्मं होतं. तिथून भाव खाली आला तरी हाय तसाच राहतो. त्यामुळे एकदा झालेला रंग टिकेल की पलटेल हे डोळ्याने बघून ठरवू नका, आकडा काढता येतो.

'च' चं उदाहरण. हायकिन ओपन १११.७५. कँडल हिरवी राहायची तर चार भावांची बेरीज त्याच्या चौपट, म्हणजे ४४७ च्या वर हवी. ओपन ११० आणि लो १०६ झालेला आहे, त्यांचे २१६. राहिले २३१, ते हाय आणि क्लोज या दोघांनी मिळून भरायचे. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे हायवरच बंद होणं, तरी भाव ११५.५ पर्यंत जायला हवा. त्या दिवशी हाय होता १११. म्हणजे १०६ चा लो लागला तेव्हाच कळत होतं की साडेनऊ पॉइंटची उसळी आली नाही तर ही कँडल लाल बंद होणार. बंद होण्याची वाट न बघता बाहेर पडायचं असेल तर हा आकडा बघून पडा, म्हणजे निदान किती शक्यता आहे ते समोर असतं. एन्ट्रीलाही असंच काढता येतं.

उलटीगंगा
हे कामाचं आहे. हे मी लावणार.

पूर्वा
एक बावळट प्रश्न वाटेल पण विचारते. माझ्या मोबाइल ॲपवर आणि कॉम्प्युटरवर एकाच शेअरच्या हायकिन आशी कँडल थोड्या वेगळ्या दिसतात, साध्या कँडल मात्र सारख्या. असं का?

मध्यमान
ताई, छान प्रश्न आहे. प्रत्येक ओपन आदल्या कँडलवर अवलंबून, ती तिच्या आदल्यावर, अशी साखळी डेटाच्या पहिल्या बारपर्यंत जाते. पहिल्या बारला आदली कँडलच नसते म्हणून तिथे खऱ्या ओपन-क्लोजचा मध्य धरतात. मोबाइलवर कमी इतिहास लोड होत असेल तर साखळी वेगळ्या जागी सुरू होते. पण हा फरक प्रत्येक बारला निम्मा होतो, दहा बारनंतर हजाराव्या हिश्शाएवढा उरतो. त्यामुळे चार्टच्या डाव्या टोकाला फरक दिसला तर हेच कारण. ताज्या कँडलमध्ये दिसत असेल तर मग कारण दुसरं, सेशनची वेळ वेगळी धरलीय का किंवा बोनस-स्प्लिटसाठी भाव ॲडजस्ट केलेत का ते बघा.

पूर्वा
डावीकडेच दिसतो. धन्यवाद 🙏

रेघोट्या
एक गोष्ट अजून डोक्यात बसत नाहीये, ती बाहेर पडण्याची. एन्ट्री आता खऱ्या ओपनला धरतोय, ते ठीक. पण बाहेर पडायला हायकिन आशीच्या लालची वाट बघितली की १०६ ला सुटतोय. तेच 'ग' च्या खऱ्या लोखाली, म्हणजे १११ च्या जरा खाली स्टॉप ठेवला असता तर 'घ' लाच एक पॉइंटच्या आसपास तोट्यात सुटलो असतो. सहाऐवजी एक. मग खरा लोच ट्रेल करत जावा का सरळ?

मध्यमान
माझं मत हो. हायकिन आशी फक्त दिशा आणि एन्ट्रीचा फिल्टर, बाहेर पडणं खऱ्या भावावर. स्टॉप ही बाजारात पडून असलेली ऑर्डर असते, ती खऱ्या भावालाच लागते, मग ती ठरवायचीही खऱ्या भावावरच.

उलटीगंगा
नाही पटत. आदल्या दिवसाच्या लोखाली ट्रेल केलं की चांगला ट्रेंड दुसऱ्या-तिसऱ्या बारलाच सोडून द्यावा लागतो. मग हायकिन आशी लावलीच कशाला? ती आपल्याला मधले लाल बार सहन करायला शिकवते आणि तुम्ही पहिल्याच लाल बारला बाहेर. हे म्हणजे परत साध्या कँडलवर आलो.

आकडेमोड
मी यात मध्ये आहे. आदल्या एका बारचा लो फार जवळ पडतो हे उलटीगंगांचं बरोबर आहे, आणि एका सौद्यावरून, तो रेघोट्यांचा असला तरी, नियम ठरवू नये. मी स्वतः पहिला स्टॉप सिग्नलच्या बारच्या खऱ्या लोखाली ठेवतो, इथे 'ख' चा १०६. क्वांटिटी ११२ ते १०६ या अंतरावर काढतो, आणि नंतर रंग पलटेपर्यंत बसतो. या सौद्यात मला त्याचा काही फायदा झाला नसता, 'च' चा लो नेमका १०६ आहे, जेमतेम वाचलो असतो आणि 'छ' ला १०६ लाच सुटलो असतो. पण तोटा ठरवलेल्या मर्यादेत राहिला असता.

रेघोट्या, तुमच्याकडे आता खऱ्या भावावर चालणारा बॅकटेस्ट आहे, तर तिन्ही प्रकार त्याच डेटावर चालवा. लाल होईपर्यंत बसणं, आदल्या बारचा खरा लो, आणि सिग्नल बारचा लो. आडवा काळ आणि ट्रेंडचा काळ वेगळा काढून बघा, एकत्र बघितलं तर सरासरीत सगळं झाकलं जाईल.

रेघोट्या
चालवतो. आडवा काळ कुठे सुरू आणि कुठे संपतो हे ठरवायला काय वापरू, एडीएक्स? तो पण साध्या भावावर लावायचा ना?

मध्यमान
हो, साध्या भावावर. हायकिन आशीवर एडीएक्स लावला तर तो आडव्या मार्केटलाही ट्रेंड म्हणेल.

उलटीगंगा
माझ्या एका तासाच्या चार्टवर मी पण तिन्ही लावून बघतो. आदल्या बारचा लो हरणार असं माझं म्हणणं आहे, आकडे आले की इथेच टाकतो.